गणपूर्तीअभावी तहकूब (लेखांक ६)

ग्रामपंचायतीची रचना मागच्या लेखांकात पाहिली. सहावीच्या नागरिकशास्त्रात याच पाठात ग्रामसभा येते, आणि ती शिकवायची म्हटली की बहुधा वर्गातच सभा भरवली जाते. एक मुलगी सरपंच, एक मुलगा ग्रामसेवक, बाकीचे गावकरी. संवाद गुरुजींनी लिहून दिलेले आणि शेवटी ठराव टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर. अशा सभेतून मुलं भाषण करायला शिकतात, ग्रामसभा मात्र त्यांच्या हाती लागत नाही. ती हाती लागायची असेल तर वर्गातली सभा एकदा फसली पाहिजे.

फसवायची कशी, ते कायद्यातच आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. वर्गात ४० मुलं असतील तर प्रत्येकाला १५ मतदारांच्या जागी धरावं, म्हणजे ६०० मतदारांचं गाव तयार होतं. त्याची गणपूर्ती ९०, म्हणजे सहा मुलं. मग चिठ्ठ्या टाकाव्यात. पाच चिठ्ठ्यांवर ‘हजर’ आणि उरलेल्यांवर ‘कापूस वेचायला’, ‘अकोल्याला बाजाराला’, ‘दवंडी ऐकलीच नाही’ असं काहीबाही. सरपंच धरून पाचच मुलं पुढे येतात, हजेरी ७५ भरते आणि सभा तहकूब होते. खरा धडा इथून पुढे आहे, कारण तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. तीच पाच मुलं पुन्हा बसतात, घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी मंजूर करतात, आणि हे सगळं नियमाला धरूनच होतं. मागे बसलेल्या ३५ जणांचा त्या वेळी जो गलका होतो, तो कुठल्याही लिहून दिलेल्या संवादापेक्षा मोलाचा.

दुसऱ्या फेरीत सगळ्यांना आत घ्यावं आणि विषय वऱ्हाडातलाच द्यावा. पूर्णेच्या दोन्ही अंगांच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारट, म्हणून पिण्याचं पाणी धरणावरून प्रादेशिक नळयोजनेनं येतं. एका गावकरणीच्या कार्डावर तक्रार लिहावी : ‘‘पाणी येते आठ दिसाआड, अन् पट्टी घेता पुऱ्या सालाची!’’ ग्रामसेवकाच्या कार्डावर फक्त आकडे हवेत : पाणीपट्टीची आकारणी १,२०,००० रुपये, वसुली ४८,०००. मुलांनी टक्केवारी काढली की ४० येते. आता ‘रोज पाणी द्यावे’ असा ठराव कुणीतरी मांडणारच. तेव्हा विचारावं, हे आपल्या पंचायतीच्या हातात आहे का? धरणाचं पाणी गावाला कितव्या दिवशी सोडायचं, ते योजना चालवणारी यंत्रणा ठरवते. गावातली फुटलेली पाइपलाइन दुरुस्त करणं आणि पट्टी वसूल करणं हे मात्र पंचायतीचं काम. म्हणजे एका तक्रारीतून दोन ठराव निघतात, एक कामाचा आणि एक वरच्या कार्यालयाकडे पाठवायच्या मागणीचा. दोन्ही इतिवृत्तात वेगवेगळे लिहून घ्यावेत. पाठ जमला की नाही, हे त्या वहीवरूनच कळतं. ‘पाणीप्रश्नावर चर्चा झाली’ एवढंच लिहिलं असेल तर जमला नाही. काय करायचं, कोणी आणि कधीपर्यंत, हे लिहिलेलं असेल तर जमला.

यावर पहिला आक्षेप असा की लहान गावात सरपंचाचा मुलगा आणि विरोधी पॅनेलच्या उमेदवाराची मुलगी एकाच बाकावर बसतात, आणि गावचं राजकारण वर्गात शिरतं. भीती रास्त आहे. म्हणूनच गाव काल्पनिक असावं आणि भूमिका चिठ्ठीनं ठरावी. निवड गुरुजींनी केली तर सरपंचपद हमखास त्याच मुलाकडे जातं. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे : अकराव्या-बाराव्या वर्षीच सभा फसलेली दाखवली तर मुलांचा लोकशाहीवरचा विश्वास उडेल. पण ही मुलं घरी ऐकतातच की कोरम झाला नाही. नियम कळला तर त्यांना निदान हे तरी कळेल की सहावं माणूस आलं असतं तर सभा त्याच दिवशी झाली असती. तासिकेत हे सगळं बसत नाही, हा तिसरा आक्षेप मात्र खरा आहे. दोन तासिका घ्याव्यात आणि महिला ग्रामसभेचा भाग तिसरीला ठेवावा. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, आणि तो विषय दहा मिनिटांत उरकण्यासारखा नाही.

अमरावती किंवा अकोला शहरातल्या शाळेत हेच नाटक नावं बदलून ‘वॉर्डसभा’ म्हणून करणं मात्र चुकीचं आहे. महापालिकेच्या प्रभाग समितीत नगरसेवक बसतात. हात वर करून निर्णय घेणारी सगळ्या मतदारांची सभा शहरात नियमित भरताना दिसत नाही. शिवाय २०२२ साली मुदत संपल्यावर या दोन्ही महापालिकांचा कारभार बराच काळ प्रशासकाकडे होता, म्हणजे तक्रार ऐकायला निवडून आलेला नगरसेवकही नव्हता. तेव्हा शहरातल्या वर्गात सभेऐवजी एक अर्ज फिरवावा : तुंबलेल्या नालीची तक्रार, ती कोणत्या झोन कार्यालयात द्यायची, पोच कोण देणार आणि उत्तर आलं नाही तर पुढे कुणाकडे जायचं. प्रत्येक टेबलावर एक मूल बसवावं आणि अर्ज कुठे अडतो ते फळ्यावर मांडावं.