कडब्याच्या जोडीला चाटण वीट

माण-आटपाडीच्या बाजूला मार्च उजाडला की गव्हाणीत एकच चव उरते, ज्वारीच्या कडब्याची. गाय दिवसभर चघळत असते, पण खाणं कमीच होतं आणि शेण घट्ट पडतं. मेपर्यंत तिच्या बरगड्या मोजता येतात. पोट भरलेलं असतं, तरी जनावर खंगत जातं. कारण कडबा पचवण्याचं काम गाय स्वतः करत नाही. ते काम तिच्या कोठीपोटात राहणारे सूक्ष्म जीव करतात आणि उन्हाळ्यात उपासमार होते ती त्यांची.

या जीवांना वाढायला नत्र लागतं. वाळल्या कडब्यात प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के. नत्र मिळालं नाही की त्यांची संख्या घटते, काडी फोडायला वेळ लागतो, कोठीपोट रिकामं व्हायला उशीर होतो आणि गाईला पुढचा घास घ्यावासा वाटत नाही. युरियात 46 टक्के नत्र असतं. कोठीपोटात युरियाचा अमोनिया होतो, सूक्ष्म जीव तो वापरून स्वतःचं शरीर बांधतात, पुढे आतड्यात गेल्यावर ते स्वतःच पचतात आणि गाईला प्रथिनं मिळतात. मळीतली साखर या कामाला झटपट ऊर्जा देते. खनिज मिश्रणातून फॉस्फरस, तांबं, जस्त, कोबाल्ट असे घटक मिळतात. युरिया, मळी आणि खनिजं यांची मिळून जी वीट होते तिला आपल्याकडे चाटण वीट म्हणतात. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने 1980च्या दशकात ऑस्ट्रेलियातले पोषणतज्ज्ञ आर. ए. लेंग यांच्या मदतीने ती भारतीय गोठ्यांत आणली.

युरिया सरळ वैरणीवर का टाकू नये? कारण कोठीपोटात त्याचा अमोनिया काही मिनिटांत होतो. सूक्ष्म जीवांना पुरेल तेवढा ते घेतात, उरलेला रक्तात उतरतो. थोडा असला तर यकृत त्याचा पुन्हा युरिया करतं आणि त्यातला काही लाळेवाटे परत कोठीपोटात येतो. एकदम जास्त आला, तर यकृताच्या आवाक्याबाहेर जातो आणि विषबाधा होते. वीट टणक असते, जनावराला ती चावता येत नाही, जिभेने चाटावी लागते. त्यामुळे दिवसभरात थोडा थोडा युरिया पोटात जातो. सगळी सुरक्षितता या टणकपणावर उभी आहे.

म्हणूनच बनवण्याच्या कृतीत लक्ष द्यायचं ते टणकपणाकडे. मळी तापवून करायची एक पद्धत आहे, पण गावात जमते ती थंड पद्धत. दहा किलोच्या घाण्याला चार किलो मळी, एक किलो युरिया, अर्धा किलो मीठ, अर्धा किलो खनिज मिश्रण, एक किलो सिमेंट आणि तीन किलो गव्हाचा किंवा भाताचा कोंडा. मळी कारखान्यातून येते तशी घट्टच हवी. पाणी घातलेल्या मळीची वीट कधी बसत नाही. युरियाचे खडे आधी बारीक फोडायचे आणि मळीत घालून एकजीव होईपर्यंत ढवळायचे. घाई होते ती इथेच. एक खडा तसाच राहिला तर विटेत विषाची पुडी ठेवल्यासारखं होतं. मग मीठ आणि खनिजं. सिमेंट वेगळ्या घमेल्यात थोड्या पाण्यात कालवून मिसळायचं आणि शेवटी कोंडा. प्लास्टिक अंथरलेल्या लाकडी साच्यात तीन किलोचा गोळा दाबून भरायचा, दुसऱ्या दिवशी साचा काढून सावलीत दोन-तीन दिवस वाळवायचा. अंगठा जोरात दाबला तर नावापुरता ठसा उमटावा. अंगठा आत रुतला तर ती वीट जनावरापुढे ठेवू नये. उलट दगडासारखी झाली तर गाय चार वेळा जीभ लावून सोडून देते.

सिमेंट म्हटलं की लोक बिचकतात. ते फक्त घटक धरून ठेवण्यासाठी असतं आणि जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या पुस्तिकांतल्या कृतींतही ते आहे. ज्यांना नको त्यांनी चुनकळी वापरावी. युरियाचा प्रश्न मात्र खरा आहे. खताच्या दुकानातला युरिया 2015 पासून निंबोळी तेलाचं लेपण असलेला असतो आणि त्याचं अनुदान शेतीसाठी आहे. पशुखाद्यासाठी वेगळ्या प्रतीचा युरिया मिळतो, तोच घ्यावा. तो आणि घट्ट मळी मिळत नसेल, तर दूध संघाकडून तयार वीट घेणं बरं.

आता हिशेब. साडेतीनशे किलोची भाकड गाय दिवसाला सहा किलो कडबा खाते असं धरू. त्यातून तिला सुमारे 210 ग्रॅम प्रथिनं मिळतात. नुसतं अंग राखायला 300 ते 350 ग्रॅम लागतात. तिने दिवसात अर्धा किलो वीट चाटली, तर पोटात 50 ग्रॅम युरिया जातो. नत्राच्या हिशेबाने तो 144 ग्रॅम प्रथिनांच्या बरोबरीचा. तूट जवळजवळ भरली आणि कडबाही पूर्वीपेक्षा जास्त खाल्ला जाऊ लागला. पण लिटरभर दुधाला वर नव्वदेक ग्रॅम प्रथिनं लागतात. ती या विटेतून निघत नाहीत. अर्धा किलो विटेत मळी दोनशे ग्रॅम, म्हणजे ऊर्जाही बेताचीच. पंधरा लिटर दूध देणाऱ्या संकरित गाईला सरकी पेंड आणि भरडाच लागणार. लसूणघास, मका भरपूर असेल तिथे तर नत्र आधीच पुरेसं असतं. विटेचे पैसे वाया जातात.

काही नियम मोडायचेच नाहीत. सहा महिन्यांखालच्या वासराचं कोठीपोट तयार झालेलं नसतं, त्याला वीट नाही. घोडा, गाढव, डुक्कर यांनाही नाही. उपाशी जनावरापुढे वीट ठेवू नये. आधी कडबा, मग वीट आणि पहिला आठवडा रोज थोडाच वेळ. प्यायला पाणी भरपूर हवं. वीट कुटून किंवा पाण्यात विरघळवून कधीच द्यायची नाही. मराठवाड्यात आणखी एक सांभाळावं: कच्च्या सोयाबीनच्या भरड्यात युरिया झटपट फोडणारं विकर असतं, त्यामुळे तो भरडा आणि वीट एकत्र नकोत. वीट छपराखाली, खोक्यात ठेवावी. वळवाच्या सरीत भिजलेल्या विटेखाली साचलेलं पाणी जनावराने प्यालं, तर दिवसभराचा युरिया दोन घोटांत पोटात जातो. चार-पाच जनावरं एकत्र असतील तर दांडगी गाय इतरांना जवळ येऊ देत नाही. विटा दोन-तीन ठिकाणी अडकवाव्यात.

युरिया जास्त गेला तर अर्ध्या-एक तासात दिसतं. तोंडातून फेस, अंगाला कापरं, लडखडणं, पोट फुगणं, हंबरणं. लगेच पशुवैद्यकाला फोन करावा. थंड पाणी आणि व्हिनेगर पाजणं हा त्यावरचा ठरलेला उपाय आहे, पण लडखडणाऱ्या जनावराला आपल्या हाताने पाजायला गेलं तर ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

आणि कडबाच संपला असेल, तर वीट घेऊ नका. काडी नसताना कोठीपोटात अमोनिया वापरायला काही उरत नाही आणि भुकेलं जनावर वीट कुरतडून खातं. असलेले पैसे आधी वैरणीत घाला.