उद्या कबड्डीची जिल्हा निवड चाचणी? मग आज रात्री जेवा!

किशोर गटाची वजनमर्यादा ५५ किलो. आदल्या रात्री काटा ५५.२ दाखवतो, मुलगा घाबरतो आणि जेवण-पाणी सोडतो. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. झोपेत श्वास, घाम आणि सकाळची लघवी यांतून साधारण अर्धा किलो आपोआप उतरतो. म्हणून आठच्या आत थोडासाच वरण-भात खा, लोणचं-पापड टाळा, पाणी तहानेपुरतं प्या. वजन दोन किलो जास्त असेल, तर मात्र एका रात्रीत काही करू नका. उपाशी, कोरड्या शरीराने पहिली चढाई निभते. पुढे पोटऱ्यांत गोळे येतात.

वजन झालं की लगेच केळं आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घ्या.

झोप येत नाहीये? आधीच्या रात्री नीट झोपला असाल, तर एका जागरणाने पायातली ताकद जात नाही. चार आकड्यांत श्वास घ्या, सहात सोडा. निवडीचा विचार नको. पहिली चढाई कोणत्या कोपऱ्यावर, बोनस कधी, एवढंच डोळ्यांपुढे आणा.

आणि हो, नखं आजच कापा. वाढलेली नखं नियमात बसत नाहीत, अंगाला तेल लावणंही नाही. जन्मदाखला पिशवीत टाकला का?