झटक्यानंतरची साखर : १४० ते १८० पुरे, त्याखाली घाई नको

पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका आला की कधीच मधुमेह नसलेल्या रुग्णाची साखरही काही वेळा २०० च्या पुढे जाते. (या लेखातले साखरेचे सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत.) संकट आले की शरीर ॲड्रिनॅलिन, कॉर्टिसॉल आणि ग्लुकॅगॉन सोडते. त्यामुळे यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते आणि इन्सुलिनचा परिणाम मंदावतो. ही साखर झटक्याच्या ताणाने चढली की मधुमेह आधीपासूनच होता, हे एचबीएवनसी तपासणीतून कळते. ती मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखवते, आकडा ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक आला तर मधुमेह जुना समजला जातो.

चढलेली साखर मेंदूला त्रासदायक ठरते. रक्तपुरवठा तुटलेल्या भागाच्या कडेला तग धरून असलेल्या पेशींत तिच्यामुळे आम्ल वाढते आणि नुकसान पसरते. मग ती लवकरात लवकर नॉर्मलवर आणावी, असे वाटणे साहजिक होते. २००१ मध्ये बेल्जियममधील लुव्हेन येथे शस्त्रक्रियेनंतरच्या अतिदक्षता विभागात ८० ते ११० हे कडक लक्ष्य ठेवल्यावर मृत्यू कमी झाल्याचे दिसले आणि अनेक रुग्णालयांनी ते लक्ष्य उचलले. २००९ मध्ये मात्र नाइस-शुगर या सहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीने चित्र पालटले. कडक लक्ष्याच्या गटात ९० दिवसांत २७.५ टक्के रुग्ण दगावले, तर १८० च्या आत साखर ठेवलेल्या गटात २४.९ टक्के. साखर ४० वर किंवा त्याखाली जाण्याचे प्रमाण अनुक्रमे ६.८ आणि ०.५ टक्के होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शाइन चाचणीत पक्षाघाताच्या रुग्णांतही कडक नियंत्रणाने बरे होण्याचे प्रमाण वाढले नाही. साखर उतरण्याचा धोका मात्र वाढला. म्हणून आज सर्वसाधारणपणे साखर १८० च्या वर टिकली तर इन्सुलिन सुरू करतात आणि ती १४० ते १८० मध्ये ठेवतात.

साखर घसरते कशी, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. विरारच्या ६४ वर्षांच्या मधुमेही बाईंनी सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी घेतली आणि दुपारी त्यांना पक्षाघात झाला. वसईच्या रुग्णालयात साखर २८६ भरली. इन्सुलिनचे ड्रिप लागले, दर तासाला बोट टोचून साखर पाहिली गेली. ती २१४ वर आणि मग १६८ वर आली. पुढच्या उपचारांसाठी त्यांना मुंबईला हलवले. ड्रिपचा वेग तोच राहिला, पोटात अन्न नव्हते, सकाळच्या गोळीचा अंमल चालूच होता. अहमदाबाद महामार्गावर वर्सोवा पुलाजवळच्या कोंडीत रुग्णवाहिका अडकली आणि तासाची तपासणी चुकली. बाईंना घाम फुटला, त्या सुस्त झाल्या, लुळा हात आणखी ढिला वाटू लागला. सोबतच्यांना पक्षाघातच वाढला असे वाटले. ग्लुकोमीटरने मात्र ५२ दाखवले.

येथे करायचे ते असे : इन्सुलिन थांबवायचे, शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोजचे १०० मिलिलिटर, म्हणजे २५ ग्रॅम साखर द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे. शिरेतल्या इन्सुलिनचा अंमल लवकर ओसरतो. ग्लिमेपिराइडचा मात्र दिवसभर टिकतो, मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याहूनही जास्त. त्यामुळे साखर पुन्हा उतरू शकते. रुग्णालयातही असेच घडते : सीटी स्कॅनसाठी नाकातल्या नळीचे अन्न बंद होते आणि इन्सुलिन चालूच राहते.

साखर ७० च्या खाली गेली की शरीर पुन्हा ॲड्रिनॅलिन सोडते. झटक्यातून सावरणाऱ्या हृदयावर त्याचा ताण येतो आणि ठोके बिघडू शकतात. बीटा-ब्लॉकर गोळ्यांमुळे थरथर आणि धडधड जाणवत नाही. घाम मात्र सुटतो. साखर फारच उतरली तर एक बाजू लुळी पडून पक्षाघाताचा आभासही होतो. म्हणूनच गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देण्याआधी साखर तपासणे अनिवार्य असते. हात थंड पडले असतील किंवा रक्तदाब घसरला असेल तर बोटाच्या थेंबावर विसंबू नये. शिरेतले रक्त तपासावे.

नातेवाइकांनी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन कोणते, किती आणि शेवटचे कधी घेतले, हे डॉक्टरांना आणि रुग्णवाहिकेतल्या पथकालाही सांगावे. घरातून निघताना ‘साखर वाढली असेल’ म्हणून जादा डोस देऊ नये आणि पक्षाघाताच्या रुग्णाच्या तोंडात साखरपाणी घालू नये. ते फुप्फुसात जाऊ शकते. दुसऱ्या रुग्णालयात हलवताना इन्सुलिन चालू असेल, तर वाटेत साखर कोण तपासणार, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.