पाणी येतं का, की पाण्याचं कसं करता?

लेखमाला ‘पहिली भेट’ : भाग ४

मागच्या भागात कांदेपोहे संपेपर्यंतचं बोललो. त्यानंतर कुणीतरी मोठं माणूस म्हणतं, “जा, दोघं जरा बोलून घ्या,” आणि मुलगा-मुलगी ओटीवर नाहीतर मागच्या पडवीत जातात. दहा-पंधरा मिनिटं मिळतात. दाराआड एखादी आत्या असतेच.

नमुन्यादाखल एक जोडी घेऊ, कल्पनेतली. मुलगी मुरबाडची, तिथल्याच एमआयडीसीत नोकरीला. मुलगा कसाऱ्याचा, रोज लोकलनं ठाण्याला जाणारा. ती विचारते, “रोजचं अप-डाऊन जमतं का?” “हो, जमतं.” “घरी पाणी येतं का?” “हो, नळ आहे.” “आईंची तब्येत बरी असते ना?” “हो, बरी असते.” मग दोघंही अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत बसतात.

मुलगा खोटं बोलला नाही. नळ खरंच आहे. पण एप्रिलमध्ये त्या नळाला काय येतं, हे तिनं विचारलं नाही आणि त्यालाही आपणहून सांगावंसं वाटलं नाही. भातसा आणि तानसा ही धरणं कसाऱ्याच्याच शहापूर तालुक्यातली. त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. त्या घरात जाऊन राहायचं असेल, तर ‘नळ आहे’ या उत्तराचा उपयोग काय?

आता तोच प्रश्न असा : “उन्हाळ्यात पाण्याचं कसं करता?” याला ‘हो’ म्हणता येत नाही, काहीतरी सांगावंच लागतं. “मार्चपर्यंत नळाला येतं. नंतर टँकर. आई पहाटे हंडे घेऊन नंबर लावते. रविवारी मी जातो.” इथं मुलीनं लगेच दुसऱ्या विषयावर उडी मारू नये. उत्तरातलाच एक धागा धरावा : “मग बाकीचे सहा दिवस त्यांच्या सोबतीला कोण असतं?” तो घुटमळेल, हसेल, कदाचित म्हणेल, “वहिनी होती, ती आता कल्याणला राहायला गेली.” घरातल्या कामाची वाटणी कशी आहे, हे तिला एवढ्यातच कळलं.

उत्तराला धरून विचारलेल्या अशा प्रश्नांचा परिणाम मोजलाही गेला आहे. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, समोरच्याच्या बोलण्यातून पुढचा प्रश्न काढणारी माणसं ऐकणाऱ्याला जास्त आवडतात, असं दिसलं. त्यातली काही संभाषणं लग्नाळू नव्हे, पण जोडीदार शोधणाऱ्यांच्या अगदी छोट्या भेटींतली होती. म्हणजे आपल्या पडवीपासून फार लांबची नव्हेत.

मात्र प्रश्न नुसता मोकळा असून भागत नाही. “तुमच्याबद्दल सांगा” म्हटलं, की बायोडेटा तोंडपाठ ऐकायला मिळतो. “छंद काय?” याला वाचन आणि गाणी. “अपेक्षा काय?” याला “समजून घेणारी हवी.” हे प्रश्न इतके ऐसपैस असतात, की माणूस पाठ केलेल्या उत्तराचा आधार घेतो. त्यापेक्षा प्रश्नाला वेळ आणि जागा द्यावी. “संध्याकाळची कसारा गाडी चुकली तर काय करता?” मग आसनगाव गाडीनं पुढं सरकणं, तिथून पुढच्या गाडीची वाट, घरी पोचेपर्यंत निवलेलं जेवण, सगळं आपोआप येतं. डब्यातले मित्रही येतात.

आणखी एक जागा जपायची. “आधीची नोकरी का सोडली?” हा प्रश्न मोकळाच आहे, पण ऐकणाऱ्याला चौकशी बसल्यासारखं वाटतं आणि तो सफाई देऊ लागतो. “त्या नोकरीत दिवस कसा जायचा?” असं विचारलं, तर सोडण्याचं कारण बहुतेकदा त्यातच येऊन जातं. पाठोपाठ पाच प्रश्न विचारले तरी मुलाखत होते. मधे आपलंही सांगावं : “आमच्याकडे रेल्वे नाही, एसटी चुकली की माझीही तीच गत.” मग त्यालाही काही विचारावंसं वाटतं.

काही गोष्टी मात्र हो-नाहीतच विचाराव्यात. कर्ज आहे का, दारू घेता का, लग्नानंतर मी नोकरी सोडावी असं घरच्यांचं म्हणणं आहे का. इथं मोकळा प्रश्न म्हणजे समोरच्याला पळवाट. फक्त शेवटी ‘ना’ लावू नये, “दारू घेत नाही ना?” यात आपणच उत्तर भरवलेलं असतं. आणि “हे लग्न तुम्हाला स्वतःला हवंय का?” हे दोघांनीही एकमेकांना विचारायलाच हवं. आत्या दाराआडून हलत नसेल, तर फोन नंबर घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी विचारावं.

(पुढच्या भागात : नकार कळवायचा कुणी आणि कसा.)