एक ठिपका की तीन?
(लेखमाला ‘पंखांची ओळख’ : भाग 6)

गेल्या आठवड्यात स्पर्शिकांबद्दल लिहिलं, म्हणजे आपण ज्यांना मिशा म्हणतो त्यांच्याबद्दल. टोकाला गाठ असेल तर फुलपाखरू, पिसासारखी किंवा नुसती दोऱ्यासारखी असेल तर पतंग, असा तो ढोबळ नियम होता. त्यावर दोन फोटो आले. दोन्हींवर नावं उलटी पडली होती, म्हणून आधी ते निस्तरतो.

पहिला फोटो धानाच्या बांधीजवळच्या एका घराच्या भिंतीवरचा, दिवेलागणीचा. वाळक्या पानासारखा रंग, पंख मिटलेले, बल्बच्या उजेडाला आलेला. खाली लिहिलं होतं, ‘पतंग’. हे कॉमन इव्हिनिंग ब्राऊन, म्हणजे फुलपाखरूच. ते संध्याकाळीच उडतं आणि त्याच्या अळ्या धानाची पानं खातात, त्यामुळे चंद्रपूर-गडचिरोलीत ते घरात शिरलं तर नवल नाही. फोटो मोठा करून पाहिला तर स्पर्शिका टोकाकडे हळूहळू जाड झालेल्या दिसतात. गाठ ठळक नसते, इथेच माणूस फसतो. शिवाय पावसाळ्यात याच्या पंखाच्या खालच्या बाजूला डोळ्यांची रांग असते आणि कोरड्या दिवसांत ती जवळजवळ पुसली जाते. जुलैचा आणि जानेवारीचा फोटो शेजारी ठेवला तर दोन वेगळ्या जाती वाटाव्यात.

दुसरा फोटो कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, पतंगाचा. ऐनाच्या फांदीवर बसलेला, चारही पंखांवर एकेक डोळा आणि त्या डोळ्याच्या मधोमध काचेसारखी पारदर्शक खिडकी. इतका देखणा आहे म्हणून ‘फुलपाखरू’ लिहिलं गेलं. आरमोरीकडच्या कोसा पिकवणाऱ्या माणसाने असं लिहिलं नसतं. फोटोतल्या स्पर्शिका रुंद पिसासारख्या होत्या, त्यावरून हा पतंग आणि तोही बहुधा नर. मादीचं पीस अरुंद असतं. मादीने सोडलेला गंध अंधारात लांबून पकडायचा असल्याने नराला मोठं जाळं लागतं.

आता या आठवड्याचा मुद्दा, कारण स्पर्शिका इथपर्यंतच नेतात. त्यावरून गट कळतो, जात कळत नाही.

मूल तालुक्यातल्या एका शिक्षकांनी सहा फोटो पाठवले. सप्टेंबरची सकाळ, बांधावरची रायमुनिया, तिच्या फुलांवर नारिंगी फुलपाखरू. पंखांची टोकं काळी, त्यात पांढरा पट्टा. सहाही फोटोंवर एकच नाव होतं, ‘बिबळ्या कडवा’, इंग्रजीत प्लेन टायगर. रस्त्याकडेला जिथे रुई आहे तिथे हा असतोच, म्हणून नाव सुचणं साहजिक आहे. याच्या अळ्या रुईवर वाढतात, तिच्या चिकातली विषारी द्रव्यं अंगात साठवतात आणि पक्षी एकदा चव घेतली की त्या रंगापासून दूर राहतात. या धाकाचा फायदा दुसरं फुलपाखरू उचलतं, ते म्हणजे छोट्या चांदव्याची मादी. तिला विष नाही, फक्त वेष आहे. पक्ष्याला फसवायला जे घडलं त्यात कॅमेरा धरलेला माणूस फसला तर त्याला नावं ठेवू नयेत.

मी फोटो क्रमांक तीन घेतला, कारण त्यात पंख पूर्ण उघडे होते. पुढच्या पंखाकडे मी आधी बघतच नाही. काळं टोक आणि पांढरा पट्टा हा तर नकलेचाच भाग. मागच्या पंखाकडे जायचं. बिबळ्या कडव्याच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी तीन काळे ठिपके जवळजवळ असतात, नरात त्यांच्या खाली चौथा, जो खरं तर गंधाची पिशवी आहे. चांदव्याच्या मादीला त्या जागी काही नाही. एकच काळा ठिपका असतो, पंखाच्या वरच्या कडेलगत. क्रमांक तीनमध्ये मधला भाग कोरा होता आणि वर कडेला एक ठिपका. निकाल इथेच लागला होता, तरी एका खुणेवर नाव देऊ नये, म्हणून कड पाहिली. बिबळ्याची मागची कड गोलसर आणि सलग जाते, चांदव्याची बारीक लाटांची असते. लाटा होत्या.

या लाटांबाबत एक सावधगिरी. जुन्या, झिजलेल्या फुलपाखराच्या पंखाची कड फाटून खवल्यासारखी दिसते. खरी लाट दोन्ही पंखांवर सारखी असते, फाटलेली नसते. म्हणून डावा-उजवा पंख ताडून पाहायचा. फुलपाखराच्या रंगावर तर मी भर देतच नाही. सकाळच्या उन्हात नारिंगी पिवळसर होतो, सावलीत विटकरी. शिवाय चांदव्याच्या मादीचे एक रूप असे आहे की टोकाचा काळा भाग आणि पट्टाच नसतो. पाय मोजूनही काही हाती येत नाही, दोघांचेही चारच पाय वापरात दिसतात.

फोटो एक, दोन आणि चारमध्ये पंख मिटलेले होते. मिटल्यावर मागचा पंख पुढच्याचा बराच भाग झाकतो, आणि मागच्या पंखाचा मधला भाग समोर येतो, हे आपल्याला बरंच आहे. एक आणि दोनमध्ये मधला ठिपक्यांचा पुंजका स्वच्छ दिसला, बिबळ्या कडवा. चारमध्ये तो नव्हता. व्हॉट्सॲपने फोटो इतका दाबला होता की ठिपके पुसले गेले असावेत अशी शंका आली. मी गुरुजींना मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगितली. तिच्यातही मध्यभाग कोराच निघाला आणि वरच्या कडेचा ठिपका दिसला. चांदवा.

फोटो पाच गंमतशीर निघाला. त्यात नारिंगी फुलपाखरू रायमुनियावर नव्हतं, बांधावरच्या घोळीच्या पानाला पोट टेकवून बसलं होतं. अंडी घालत होतं. घोळ म्हणजे आपण भाजी करतो तीच, आणि छोट्या चांदव्याच्या अळ्या ती खातात. बिबळ्याची मादी घोळीवर अंडी घालणार नाही, तिला रुई किंवा रुईच्या कुळातलं झाड हवं. मात्र फुलावर बसलेल्या फुलपाखराबाबत हा निकष चालत नाही. रस प्यायला दोघेही कुठेही येतात.

याच सकाळी त्याच बांधावर एक मखमली काळं फुलपाखरू होतं, पंखांवर निळसर-जांभळी झाक असलेले मोठे पांढरे गोल. गुरुजींनी त्याचा फोटो पाठवला नव्हता, ‘तो दुसरा आहे’ म्हणून. त्या गोल चांदण्यांवरूनच जातीला चांदवा म्हणतात. तो नर होता. मादी वेषात, नर स्वतःच्या रूपात, त्यामुळे नर पाहून मादी ओळखता येणार नाही आणि मादी पाहून नरही नाही.

सहाव्या फोटोत मागचा पंख पानाआड होता आणि कड धूसर. तिथे मी ‘बिबळ्या कडवा किंवा चांदव्याची मादी’ एवढंच लिहून दिलं.

(पुढील भागात : पंख अर्धे उघडून बसणारी स्किपर)