दिवसा गिरवलेले स्वप्न

२१ सप्टेंबर २०२०. पहाटे पावणेचारच्या सुमारास भिवंडीच्या पटेल कंपाउंडमधली तीन मजली जिलानी इमारत कोसळली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणि ठाण्याच्या पथकाचे शोधकार्य पुढे काही दिवस चालले. मृतांचा आकडा ३८ च्या पुढे गेला. गुन्हा नारपोली पोलीस ठाण्यात नोंदला गेला. त्यानंतर २९ एप्रिल २०२३ रोजी वळपाड्याच्या वर्धमान कंपाउंडमध्ये आणखी एक इमारत पडली. ती भरदिवसा पडली, जिलानी मात्र लोक झोपेत असताना. उपचाराच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. रस्त्यावर अपघात झालेला माणूस काही दिवस रस्ता टाळू शकतो. झोपेत घर अंगावर आलेल्या माणसाला झोप कशी टाळता येणार? ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपातही पहाटे चारच्या आसपास हेच घडले होते.

अशा घटनेनंतर पहिले काही आठवडे दुःस्वप्ने पडणे स्वाभाविक आहे आणि बहुतेकांची ती आपोआप विरळ होत जातात. काहींची मात्र होत नाहीत. सहा महिन्यांनी, दोन वर्षांनीही तेच स्वप्न आठवड्यातून चार-पाच वेळा येते. प्रश्न या लोकांचा आहे. त्यांच्यासाठी जो उपचार गेल्या चार-साडेचार दशकांत उभा राहिला, त्याला इमेजरी रिहर्सल थेरपी म्हणतात. स्वप्न जागेपणी बदलायचे आणि बदललेले रूप रोज मनात गिरवायचे, एवढेच त्याचे सूत्र. पण ते इतके सोपे व्हायला बराच काळ गेला.

१९७८ मध्ये लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ आयझॅक मार्क्स यांनी एका बाईची हकीकत प्रसिद्ध केली. वर्षानुवर्षे छळणारे स्वप्न तिने जागेपणी पुन्हा पुन्हा सांगितले, त्याचा शेवट बदलून लिहिला आणि स्वप्न थांबले. यात गुण कशाचा, हे मात्र स्पष्ट नव्हते. भीतीला सामोरे गेल्याचा, की शेवट बदलल्याचा? मार्क्स यांचा कल सामोरे जाण्याकडे होता. पुढे अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठात रॉबर्ट केलनर, जोसेफ नाइडहार्ट आणि बॅरी क्रॅको यांनी दुसऱ्या टोकाला जोर दिला. मूळ आघात उगाळायचाच नाही. फक्त स्वप्न घ्यायचे आणि ‘तुम्हाला हवे तसे बदला’ एवढेच सांगायचे. क्रॅको यांची मांडणी अशी की सुरुवातीला दुःस्वप्न आघातातून येते हे खरे, पण काही महिन्यांनी ते मेंदूला पडलेली सवय होऊन बसते. सवयीवर सवयीसारखेच काम करता येते.

२००१ मध्ये त्यांची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. लैंगिक अत्याचार सोसलेल्या १६८ स्त्रिया तिच्यात होत्या. उपचार होता अवघ्या तीन बैठकांचा: तीन-तीन तासांच्या दोन आणि काही आठवड्यांनी तासाभराची एक. दुःस्वप्नांच्या रात्री घटल्या, झोप सुधारली आणि दिवसाची आघातोत्तर लक्षणेही उतरली. तोवर दुःस्वप्न हे मूळ आजाराचे शेपूट मानले जाई. आजार बरा झाला की तेही जाईल, असा समज होता. शेपूट धरूनही आजार हलतो, हे या चाचणीने दाखवले.

आता पायऱ्या बघू. त्यासाठी नारपोलीतली एक बाई धरू. ती कल्पित आहे, पण तिच्या तक्रारी अशा रुग्णांत नेहमी दिसणाऱ्या. वय चाळिशीच्या आसपास, घरी कांड्या भरण्याचे काम, नवरा यंत्रमागावर रातपाळीला. शेजारची इमारत पडली तेव्हापासून ती दाराजवळ चपला काढून, दिवा लावून झोपते. मागांच्या खडखडाटाने तिला जाग येत नाही. वीज जाऊन माग अचानक थांबले की ती दचकून उठते. आठवड्यात पाच रात्री स्वप्न पडते.

पहिली पायरी नोंदीची. भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज सकाळी त्या तारखेच्या चौकोनात रात्री पडलेल्या दुःस्वप्नांचा आकडा लिहायचा. मजकूर लिहायचा नाही. दोन आठवड्यांच्या या नोंदीवरच पुढचा फरक मोजायचा असतो. याच काळात सवयीची कल्पना समजावून दिली जाते.

दुसरी पायरी चित्र उभे करण्याची. डोळे मिटून सुखाची एखादी जागा रोज काही मिनिटे बघायची. आघात झालेल्या माणसाला हेच जड जाते, कारण डोळे मिटले की नको तेच समोर येते. तसे झाले तर डोळे उघडायचे, समोरच्या वस्तूंवर नजर फिरवायची आणि पुन्हा सुरुवात करायची. ही पायरी जमेपर्यंत पुढे जायचे नाही.

तिसरी पायरी स्वप्न निवडण्याची. नेमकी इथेच घाई होते. छत कोसळण्याचे, तोंडात धूळ गेल्याचे सर्वांत भयंकर स्वप्न आधी घ्यावेसे वाटते. ते घ्यायचे नाही. आपल्या बाईला दुसरेही एक स्वप्न पडते: पाण्याची कळशी घेऊन ती जिना चढते आहे, पायऱ्या पायाखाली ठिसूळ होत जातात आणि वर पोहोचताच येत नाही. तुलनेने सौम्य, म्हणून सुरुवात याच्यापासून.

चौथी पायरी बदलाची.

“ताई, यात काय बदलायचं ते तुम्हीच ठरवा.”

“मी ठरवून स्वप्न बदलतं होय?”

“स्वप्नाचं नंतर बघू. आत्ता जागेपणी मनात जे चित्र आणाल, ते तर तुमच्या हातात आहे ना?”

थोडे थांबून ती सांगते: जिना माहेरच्या वाड्याचा आहे, दगडी. वर माळवदावर नणंदा-जावा पापड वाळत घालताहेत. कळशी कुणीतरी हातातून घेते. बदल तर्काला धरून असायलाच हवा असे नाही आणि तो शेवटालाच करावा असेही नाही. उपचार करणाऱ्याने मात्र आपला शेवट तिच्या हाती द्यायचा नाही. दिलेला शेवट सहसा टिकत नाही. लिहिण्याची सवय नसेल तर ही नवी गोष्ट तिच्याच आवाजात मोबाइलवर ध्वनिमुद्रित करता येते.

पाचवी पायरी सरावाची. दिवसातून एकदा, दहा ते वीस मिनिटे, फक्त नवी गोष्ट मनात बघायची. वास, उजेड, दगडाचा गारवा, सगळे. जुने स्वप्न गिरवायचे नाही. आठवड्याला एक, फार तर दोन स्वप्नांवर काम करायचे. पहिले सैल पडले की छताच्या स्वप्नाकडे वळायचे. नवे स्वप्न जसेच्या तसे रात्री पडत नाही आणि पडायची गरजही नसते. जुने येईनासे होते, किंवा येते पण अर्ध्यातच वळण घेते. सरावाने पाच रात्रींच्या दोन झाल्या तर उपचार लागू पडतो आहे असे समजायचे. चार-सहा आठवड्यांत आकडा हललाच नाही, तर कारण शोधायचे.

कारणे बहुतेक ठरलेली असतात. नव्या गोष्टीच्या नावाखाली रुग्ण जुनीच बघत असतो. ‘काल काय पाहिलंत ते सांगा’ म्हटले की कळते. कधी स्वप्नात गेलेले माणूस येत असते आणि भीती वाटत असली तरी ती भेट तिला सोडायची नसते. न विचारता त्या स्वप्नाला हात घातला तर उपचार तिथेच थांबतो. कधी आजार वेगळाच निघतो. आपल्या दुःस्वप्नग्रस्त रुग्णांपैकी बऱ्याच जणांना झोपेत श्वास अडण्याचाही त्रास आहे, हे पुढे क्रॅको यांनाच आढळले. जोरात घोरणे, गुदमरून उठणे, सकाळी डोके जड असणे ही त्याची चिन्हे. झोपेत प्रत्यक्ष हातपाय झाडणाऱ्या माणसाचीही वेगळी तपासणी हवी. आणि आत्महत्येचे विचार, भास किंवा दारूचे व्यसन असेल तर आधी ते हाताळायचे.

औषधाचा प्रवास याला समांतर चालला. सिएटलमधले मरे रॅस्किंड यांच्या लक्षात आले की प्रोस्टेटच्या तक्रारीसाठी प्राझोसिन घेणाऱ्या माजी सैनिकांची दुःस्वप्ने कमी होत आहेत. हे मुळात रक्तदाबाचे जुने औषध. नॉरॲड्रेनलिनचा झोपेतला मारा ते बोथट करते, असा तर्क. २००३ ची त्यांची पहिली नियंत्रित चाचणी अवघ्या १० जणांवर झाली, पण निकाल ठळक होता आणि औषध झपाट्याने रूढ झाले. मग २०१८ मध्ये ३०४ माजी सैनिकांच्या चाचणीत प्राझोसिन आणि साखरेची गोळी यांत फरकच दिसला नाही. मुळात स्थिर असलेलेच रुग्ण त्यात आले असावेत, असा एक खुलासा पुढे आला. अमेरिकेच्या माजी सैनिक व संरक्षण खात्यांच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेने त्याच्या बाजूने वा विरुद्ध शिफारस टाळली होती. २०२३ च्या मार्गदर्शिकेने दुःस्वप्नांसाठी ते पुन्हा सुचवले, पण सौम्य शब्दांत.

व्यवहारात ते रात्री झोपताना १ मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि रक्तदाब बघत वाढवतात. पहिल्या गोळीनंतर उठताना चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. म्हणून अंथरुणावर बसूनच ती घ्यायची आणि रात्री उठताना आधी कडेला बसायचे. काही दिवस गोळी चुकली तर पुन्हा खालच्या मात्रेपासून सुरुवात करावी लागते. लैंगिक दुर्बलतेच्या गोळ्यांसोबत रक्तदाब फार उतरू शकतो आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना या गोळीबद्दल सांगावे लागते. आपल्याकडे हळूहळू सुटणारी गोळीही मिळते. चाचण्यांतली मात्रा साध्या गोळीची असल्याने आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. मुख्य अडचण वेगळीच: औषध थांबले की स्वप्ने बहुधा परततात. म्हणून ते सरावाच्या जोडीला. चित्र उभे करण्याइतकी शांत झोपच ज्याला मिळत नाही, त्याला ते तेवढी उसंत देते.

झोप नाही म्हटले की वर्षानुवर्षे हाती पडते ती क्लोनाझेपामची गोळी. झोपविकारांच्या अमेरिकी संस्थेने २०१८ च्या भूमिकेत इमेजरी रिहर्सल या सराव उपचाराला पहिली पसंती दिली आणि क्लोनाझेपाम दुःस्वप्नांसाठी वापरू नये असे म्हटले. जे आधीपासून घेत आहेत त्यांनी मात्र ती एकदम तोडायची नाही. डॉक्टरांकडून हळूहळू उतरवायची.

सराव उपचाराचाही आलेख सरळ वर गेलेला नाही. २०१० मध्ये व्हिएतनाम युद्धातील जुन्या सैनिकांवरच्या चाचणीत झोपेच्या साध्या समुपदेशनापेक्षा तो सरस ठरला नाही. २०२२ मध्ये जिनिव्हात ३६ रुग्णांवर एक वेगळा प्रयोग झाला. दिवसा सराव करताना पियानोचा एक स्वरमेळ ऐकवला आणि रात्री स्वप्नझोपेत तोच वाजवला. नुसत्या सरावापेक्षा स्वप्ने जास्त घटली. तिथले रुग्ण आघाताचे नव्हते, त्यामुळे लगेच इकडे उडी मारता येत नाही.

नारपोलीपुरते बोलायचे तर या उपचाराची एक हद्द आधीच आखून घ्यावी लागते. क्रॅको यांच्या रुग्णांवरचा प्रसंग होऊन गेला होता. इथे मात्र अनेकांच्या छताला आजही भेग आहे आणि पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतींच्या याद्या निघतात. ज्याची भेग खरी आहे, त्याची झोपमोड सवयीची नव्हे, सावधपणाची आहे. त्याला अभियंत्याची आणि पर्यायी घराची गरज आहे. जो सुरक्षित जागी हलला आणि तरीही पावणेचारला उठून बसतो, त्याच्यासाठी हा उपचार. त्याने १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीत बोलावे किंवा ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची बाह्यरुग्ण सेवा गाठावी, आणि ‘झोप येत नाही’ एवढेच न सांगता ‘आठवड्यात किती रात्री तेच स्वप्न पडतं’ हेही सांगावे. पहिल्या वाक्याला झोपेची गोळी मिळण्याची शक्यता जास्त, दुसऱ्याला उपचार.