साधी, भारी आणि प्रवासाची

समजा, पाण्याच्या बाटल्या करणाऱ्या एका कारखानदाराकडे तीन नवे नमुने तयार आहेत. पहिली बाटली एकेरी पत्र्याची, स्टीलची. दुसरी दुहेरी भिंतीची. तिच्या दोन भिंतींमधली हवा काढून घेतलेली असते, त्यामुळे आतला चहा तासन्‌तास गरम राहतो. तिसरीही दुहेरी भिंतीचीच, पण लहान. तिच्या झाकणाला खटका आहे, बॅगेत आडवी पडली तरी ती गळत नाही आणि अडकवायला पट्टाही आहे. तिघींचं मिळून एक नाव ठरलंय, ‘झरा’. पुढची नावं बहुतेक जण पाच मिनिटांत लिहून मोकळे होतात: झरा बेसिक, झरा प्रीमियम, झरा ट्रॅव्हल.

कागदावर ही नावं नीटनेटकी दिसतात, पण दुकानात गिऱ्हाईक पहिलाच प्रश्न विचारतं तेव्हा अडचण कळते. ‘ही ट्रॅव्हल म्हणजे गरम ठेवणारी का?’ नावावरून ते समजत नाही. ‘मग प्रीमियमपेक्षा महाग की स्वस्त?’ तेही समजत नाही. कारण बेसिक आणि प्रीमियम या एकाच जिन्याच्या दोन पायऱ्या आहेत, आणि ट्रॅव्हल हे त्या जिन्यावर नाहीच. पहिली दोन नावं बाटली किती भारी ते सांगतात, तिसरं नाव ती कुठे वापरायची ते सांगतं. दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एका रांगेत बसवली की गिऱ्हाइकाला तुलनाच करता येत नाही. पुढच्या वर्षी शाळेच्या मुलांसाठी एकेरी पत्र्याची, पण न गळणाऱ्या झाकणाची स्वस्त बाटली काढायची ठरली, तर तिचं नाव काय ठेवणार? बेसिक ट्रॅव्हल? मग जुन्या ट्रॅव्हलला प्रीमियम ट्रॅव्हल म्हणावं लागेल, आणि बाजारात गेलेला माल, छापलेली खोकी, दुकानदारांच्या याद्या सगळंच चुकीचं ठरेल.

हे दोन प्रश्न वेगळे ठेवून दोन्हींची उत्तरं एकाच नावात कशी द्यावीत, याचा एक नमुना आपल्या सगळ्यांच्या रोजच्या बोलण्यात आहे. मारुतीची गाडी घ्यायला गेलेल्या माणसाला ‘एलएक्सआय की व्हीएक्सआय?’ हा प्रश्न पाठ असतो. यातलं पहिलं अक्षर पायरी सांगतं: एल खालची, व्ही मधली, झेड वरची. शेवटचा भाग इंधन सांगायचा. पेट्रोलची स्विफ्ट व्हीएक्सआय, तर त्याच पायरीची डिझेलची स्विफ्ट व्हीडीआय. कुणीही न शिकवता लोकांना ते कळलं, कारण प्रत्येक अक्षराला एकच काम होतं आणि त्याची जागा ठरलेली होती. २०२०च्या एप्रिलपासून मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या तेव्हा डीआयची नावं तेवढी गळून पडली आणि उरलेली जशीच्या तशी चालू राहिली. नीट बांधलेल्या नावांची खूण ही. एक फांदी कापली तरी बाकीच्या झाडाला हात लावावा लागत नाही.

याच पद्धतीची मर्यादाही याच गाड्यांत दिसते. झेड हे शेवटचं अक्षर. त्याहून भारी गाडी काढायची वेळ आली तेव्हा वरच्या पायरीला अक्षरच उरलं नव्हतं, म्हणून झेडएक्सआय प्लस आलं. आणि त्याच कंपनीच्या नेक्सा दालनातल्या गाड्यांच्या पायऱ्या पाहा: सिग्मा, डेल्टा, झीटा, अल्फा. यात अल्फा सगळ्यात वरची. ग्रीक अक्षरं ज्यांना क्रमाने येतात त्यांनाही हा क्रम लागत नाही, आणि ज्यांना येत नाहीत त्यांच्यासाठी ते नुसतं पाठांतर. गाडी लाखो रुपयांची असते, माणूस महिनाभर चौकशी करतो, म्हणून तिथे पाठांतर चालून जातं. बाटली घेणारा दुकानात दोन मिनिटं थांबतो. त्याच्याकडून पाठांतराची अपेक्षा ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

दोन प्रश्नांची चौकट मांडण्याचं प्रसिद्ध उदाहरण ॲपलचं आहे. स्टीव्ह जॉब्स १९९७ मध्ये कंपनीत परत आले तेव्हा संगणकांच्या मॉडेलांची खिचडी झाली होती. त्यांनी चार घरांची चौकट आखली. एका बाजूला घरगुती वापर आणि व्यावसायिक वापर, दुसऱ्या बाजूला टेबलावरचा संगणक आणि बरोबर नेण्याचा संगणक. प्रत्येक घरात एकच वस्तू: आयमॅक, आयबुक, पॉवर मॅक, पॉवरबुक. ‘आय’ म्हणजे घरगुती, ‘पॉवर’ म्हणजे व्यावसायिक, ‘मॅक’ टेबलावरचा, ‘बुक’ बरोबरचा. चार तुकडे आणि त्यांतून चार नावं.

पण हीच कंपनी पुढे घसरली तेही पाहण्यासारखं आहे. २००८ मध्ये मॅकबुक एअर आला तो पातळ आणि हलका म्हणून, तोही १,७९९ डॉलर किमतीला. पुढे एअर स्वस्त होत गेला आणि तोच सुरुवातीच्या पायरीचा लॅपटॉप बनला. मग २०१५ मध्ये नुसत्या ‘मॅकबुक’ नावाचा नवा लॅपटॉप आला. तो साधारण ९२० ग्रॅमचा, म्हणजे सगळ्यात लहान एअरपेक्षाही हलका, आणि त्याची किंमत १,२९९ डॉलर, तर एअर ८९९ डॉलरपासून. म्हणजे ‘हलका’ असं सांगणारं नाव जड यंत्राला, आणि बिनविशेषणाचं साधं नाव महागड्या यंत्राला. २०१९ मध्ये तो मॅकबुक बंद झाला आणि एअर राहिला. विशेषण एकदा दिलं की ज्या गुणासाठी ते दिलं तो गुण त्या वस्तूत टिकवावा लागतो. नाही तर गिऱ्हाईक नावावर विसंबणं सोडून देतं.

आता ‘झरा’कडे येऊ. आपल्याही चौकटीला दोन बाजू आहेत. भिंत एकेरी की दुहेरी, हा पहिला प्रश्न. झाकण घरचं की प्रवासाचं, हा दुसरा. म्हणजे चार घरं झाली. एकेरी भिंत आणि साधं झाकण, ही नुसती ‘झरा’. दुहेरी भिंत आणि साधं झाकण, ‘झरा थर्मो’. एकेरी भिंत आणि प्रवासाचं झाकण, ‘झरा सफर’. दोन्ही गुण असलेली ‘झरा थर्मो सफर’. चौथं नाव लांबलं आहे, पण ते ऐकणाऱ्याला काही विचारावं लागत नाही. ‘झरा सफर’ आज तयार नसली तरी तिचं घर राखून ठेवता येतं. शाळेच्या मुलांची बाटली येईल तेव्हा एकही जुनं नाव बदलावं लागणार नाही.

यात ‘प्रीमियम’ गेलं आणि ‘थर्मो’ आलं, ते जाणूनबुजून. प्रीमियम हा शब्द फक्त इतकंच सांगतो की पैसे जास्त पडतील. थर्मो ते पैसे कशाचे हे सांगतो. शिवाय प्रीमियमच्या वर आणखी काही काढायचं झालं की मॅक्स, अल्ट्रा अशी शब्दांची चढाओढ सुरू होते आणि दोन वर्षांत कोण कुणाच्या वर हे दुकानदारालाही सांगता येत नाही. ‘बेसिक’ही गेलं. सगळ्यात साध्या वस्तूला विशेषण लावूच नये. घेणाऱ्याला स्वस्त बाटली हवी असते, पण आपण कमी दर्जाचं घेतो आहोत असं खोक्यावर छापलेलं नको असतं. नुसतं ‘झरा’ म्हटलं की ती त्या घराण्याची मूळ बाटली ठरते.

मात्र इथेच एक धोका आहे आणि त्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. ‘झरा’ची जाहिरात थर्मोच्या जोरावर झाली, ‘चहा गरम ठेवणारी झरा’ असं नाव झालं, तर नुसती झरा घेणारा माणूसही तीच अपेक्षा ठेवणार. एकेरी पत्र्याच्या बाटलीत उकळता चहा ओतला की चहा लवकर निवतोच, वर पत्रा तापून हाताला चटका बसतो. हे घडतंय की नाही ते परत आलेल्या मालावरून कळतं. साध्या बाटलीच्या तक्रारींत ‘गरम राहत नाही’ हे वारंवार दिसू लागलं, तर दोष बाटलीचा नाही, नावांच्या मांडणीचा आहे. मग दोनच मार्ग उरतात. एक म्हणजे साध्या बाटलीच्या अंगावरच ‘फक्त थंड पाण्यासाठी’ असं ठळक छापणं. दुसरा, तिला घराण्याबाहेर काढून स्वतंत्र नाव देणं. कोका-कोला कंपनीने १९६३ मध्ये कमी कॅलरीचं पेय काढलं तेव्हा त्याला कोकचं नाव न देता ‘टॅब’ म्हणून विकलं. कोकचं नाव लावलेलं ‘डाएट कोक’ आलं ते १९८२ मध्ये. मूळ नावाने दिलेला शब्द नवी वस्तू पाळू शकते का, हा प्रश्न त्यामुळे प्रत्येक नव्या नमुन्याला विचारावा लागतो.

माप आणि रंग नावात नकोत. गिऱ्हाईक आधी बाटली ठरवतं, मग लिटर, मग रंग. कायद्याने खोक्यावर वस्तूचं सर्वसाधारण नाव आणि कमाल किंमत छापावीच लागते, त्यामुळे ‘स्टीलची पाण्याची बाटली’ एवढंही नावात कोंबण्याची गरज नाही. पण बिलात आणि गोदामात मात्र सगळं लागतं, आणि तिथे क्रम कधीही बदलता कामा नये: घराणं, भिंत, झाकण, माप, रंग. त्याचा गोदामातला कोड असा दिसेल:

```
ZR-TH-SF-0500-BLU
```

साध्या झराच्या कोडमध्ये भिंतीची आणि झाकणाची जागा रिकामी सोडू नये, तिथेही ठरलेली अक्षरं घालावीत. नाही तर यादी लावताना ओळी मागेपुढे होतात आणि भलतंच खोकं गाडीत चढतं. नावं पक्की करण्यापूर्वी एक साधी चाचणी घेता येते. ठोक व्यापाऱ्याला फोनवरून, रस्त्याच्या गोंगाटात, चारही नावांची ऑर्डर द्यायची आणि त्याने काय लिहून घेतलं ते वाचून दाखवायला सांगायचं. एखाद्याच अक्षराने वेगळी असलेली नावं इथे हमखास चुकतात. पल्सरमध्ये एन १६० आणि एनएस १६० या दोन वेगळ्या गाड्या एकाच वेळी विक्रीला होत्या. मोटरसायकलच्या शौकिनांना तो फरक पाठ असतो, पण फोनवर घाईत बोलणाऱ्याचा तिथे गोंधळ होऊ शकतो.

नोंदणीचंही याच वेळी पाहावं. ट्रेडमार्क कायदा, १९९९च्या नवव्या कलमानुसार वस्तूचा प्रकार, दर्जा किंवा उपयोग एवढंच सांगणारे शब्द सहसा नोंदवून मिळत नाहीत. म्हणजे ‘ट्रॅव्हल’ हा शब्द तुम्ही घेतला तरी उद्या शेजारचा कारखानाही तो वापरू शकतो. म्हणून नोंदणीचा खर्च घराण्याच्या नावावर करावा. घरगुती भांड्याबाटल्यांचा वर्ग २१वा. पुढची विशेषणं सगळ्यांना समजतील अशी, मोकळीच राहू द्यावीत.

आणि बेसिक, प्रीमियम, ट्रॅव्हल ही नावं आधीच बाजारात गेली असतील तर? तर एकदम पुसून टाकू नयेत. खोक्यांची नवी छपाई होईल तेव्हा नवं नाव मोठं आणि त्याखाली ‘पूर्वीची झरा ट्रॅव्हल’ असं बारीक छापावं. दरपत्रकात दोन्ही नावं शेजारी ठेवावीत, आणि दुकानदारांच्या ऑर्डरी नव्या नावाने यायला लागेपर्यंत जुना रकाना काढू नये. सगळ्यात आधी ‘ट्रॅव्हल’ बदलावं, ‘बेसिक’ शेवटी बदललं तरी चालेल. झरा बेसिक घेणाऱ्याला आपण काय घेतो आहोत हे निदान माहीत असतं.